‘ऐवजी’ आणि ‘वाचावे’: एका अहवालाच्या दुरुस्तीचं प्रकरण

जुन्या मराठी पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्राचं एक पान चिकटवलेलं असायचं. चार रकाने: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. खाली कधी ‘मुद्राराक्षसाच्या कृपेने’ वगैरे एखादी कोटी. पण मुख्य मजकूर दोन शब्दांवर उभा असायचा: ‘अमुक’ ऐवजी ‘तमुक’ असे वाचावे. अहवालांच्या संपादनात बरीच वर्षं गेल्यावर मला दुरुस्तीची याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. तुमची सूचना या साच्यात बसवून बघायची. ‘ऐवजी’च्या आधी काय लिहायचं आणि ‘वाचावे’च्या आधी काय लिहायचं, हे त्या सूचनेतूनच मिळालं तर ते शुद्धिपत्र. मिळालं नाही, तर तो खुलासा. खुलासा माणूस स्वतःच्या बचावासाठी करतो आणि शुद्धिपत्र वाचकासाठी काढतो.

या कसोटीसाठी एक प्रकरण फार सोयीचं आहे, कारण त्यात एकाच अहवालाच्या चुकांवर महिना-दीड महिन्याच्या आत वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या तऱ्हेच्या सूचना काढल्या. अहवाल आहे हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाचा, म्हणजे आयपीसीसीचा. 2007 सालचा चौथा मूल्यांकन अहवाल, त्यातला दुसऱ्या कार्यगटाचा खंड. आशियावरच्या दहाव्या प्रकरणात 10.6.2 हे कलम हिमालयातल्या हिमनद्यांवर आहे. त्यातल्या दुसऱ्या परिच्छेदाचा सारांश असा: हिमालयातल्या हिमनद्या जगात इतर कुठल्याही भागापेक्षा वेगानं मागे हटत आहेत, हाच वेग राहिला तर 2035 पर्यंत, कदाचित त्याआधीच, त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, त्यांचं एकूण क्षेत्र 2035 पर्यंत 5 लाख चौरस किलोमीटरवरून 1 लाखावर येईल. संदर्भ म्हणून कंसात एकच नोंद होती, निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या 2005 च्या अहवालाची.

परिच्छेद जरा थांबून वाचला तर त्याचं त्याच्याशीच पटत नाही हे दिसतं. हिमनद्या 2035 ला नाहीशा होणार असतील, तर त्याच वर्षी 1 लाख चौरस किलोमीटर शिल्लक कसे राहतात? आणि 5 लाख हा आकडा हिमालयाचा असूच शकत नाही. हिमालयातल्या हिमनद्यांचं क्षेत्र काही दहा हजार चौरस किलोमीटरमध्येच मोजायचं असतं. ध्रुवीय प्रदेश सोडून साऱ्या पृथ्वीवरच्या हिमनद्या धरल्या तरच 5 लाखांच्या आसपास पोचता येतं.

हा आकडा तिथूनच आला होता. युनेस्कोनं 1996 मध्ये काढलेल्या एका अहवालात रशियन हिमनदीतज्ज्ञ कोतल्याकोव्ह यांनी ध्रुवीय प्रदेशाबाहेरच्या सगळ्या हिमनद्यांबद्दल लिहिलं होतं की त्यांचं क्षेत्र 5 लाखांवरून 1 लाखावर येईल, आणि तेही 2350 सालापर्यंत. 2035 हे वर्ष वेगळ्या वाटेनं आलं. 1999 मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात आलेली एक बातमी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या अहवालानं उचलली, आणि तो अहवाल मंडळानं संदर्भ म्हणून घेतला. वाटेत कुठेतरी दोन प्रवाह मिसळले. एका तज्ज्ञाचं जगाबद्दलचं तीन शतकांहून लांबचं भाकीत आणि हिमालयाबद्दलचं एक बातमीतलं वर्ष, असं मिळून एक वाक्य झालं. कॅनडातले हिमनदीतज्ज्ञ ग्रॅहम कॉग्ली आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हा माग काढून जानेवारी 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पत्र लिहिलं. 2035 पर्यंत हिमनद्या संपायच्या असतील तर 1999 नंतरचा ऱ्हासाचा वेग 1960 ते 1999 या काळातल्या वेगाच्या पंचवीसपट व्हावा लागेल, हेही त्यांनी त्यात मांडलं.

त्याच कलमातल्या तक्त्यात आणखी एक चूक आहे. तिची चर्चा फार कमी झाली, पण मला ती जास्त शिकवते. तक्त्यात काही हिमनद्यांची नोंद आहे: किती काळ मोजल्या, त्या काळात किती मीटर मागे गेल्या, वर्षाला सरासरी किती. मिलम हिमनदीची ओळ बघा. 1849 ते 1957 मध्ये 1350 मीटर, म्हणजे 108 वर्षांत, सरासरी वर्षाला 12.5. भागाकार बरोबर. आता पिंडारी. 1845 ते 1966 मध्ये 2840 मीटर, आणि सरासरी छापली आहे वर्षाला 135.2 मीटर. हा आकडा बघताच हात गणकयंत्राकडे जायला हवा होता, कारण तो मिलमच्या दहापटीहून मोठा आहे. 1845 ते 1966 म्हणजे 121 वर्षं.

```
2840 ÷ 121 = 23.5
2840 ÷ 21  = 135.2
```

कुणीतरी 121 ऐवजी 21 नं भागलं, शतक गाळलं. चूक कशी झाली हे तक्त्यातूनच कळतं. त्यासाठी बाहेरचा पुरावा लागत नाही, कुणाची मुलाखत घ्यावी लागत नाही. दुरुस्तीही एका ओळीची आहे: ‘135.2’ ऐवजी ‘23.5’ असे वाचावे. जुन्या शुद्धिपत्रात सहज बसली असती.

2035 चं वाक्य मात्र या साच्यात सहज बसत नाही, आणि प्रकरणातली खरी अडचण इथे आहे. तिच्याकडे मी नंतर येतो. आधी मंडळानं 20 जानेवारी 2010 ला काय लिहिलं ते बघू.

निवेदन साधारण पानभराचं आहे आणि त्याची सुरुवात चुकीपासून होत नाही. ती होते अहवालाच्या एकत्रित सारांशातल्या, 49 व्या पानावरच्या एका उताऱ्यापासून: डोंगराळ भागातला बर्फ आणि हिमनद्या गोड्या पाण्यासाठी कळीच्या आहेत, त्यांचा ऱ्हास एकविसाव्या शतकात वेग घेईल, हिंदुकुश, हिमालय, अँडीज अशा पर्वतरांगांतल्या पाण्यावर जगातली सहाव्या हिश्श्याहून जास्त लोकसंख्या अवलंबून आहे. मग निवेदन म्हणतं की हा निष्कर्ष भक्कम आहे, योग्य आहे आणि मूळ विज्ञानाशी पूर्णपणे सुसंगत आहे.

चूक कुठे आहे म्हणून वाचणाऱ्याला इथपर्यंत फक्त काय चुकलेलं नाही ते कळलेलं असतं. मग ‘तथापि’ येतो. 938 पानांच्या खंडातल्या एका परिच्छेदात हिमालयीन हिमनद्यांच्या मागे हटण्याच्या वेगाबद्दल आणि त्या नाहीशा होण्याच्या तारखेबद्दल ‘पुरेसा आधार नसलेल्या अंदाजांचा’ उल्लेख असल्याचं आमच्या नजरेस आलं आहे. परिच्छेद लिहिताना मंडळाच्या कार्यपद्धतीतले पुराव्याचे स्पष्ट आणि प्रस्थापित निकष नीट लावले गेले नाहीत. अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सहअध्यक्ष कार्यपद्धतीच्या या सदोष वापराबद्दल खेद व्यक्त करतात. शेवटी निकष काटेकोर पाळण्याची बांधिलकी.

आता साचा लावू. ‘ऐवजी’च्या आधी काय? निवेदनाच्या मजकुरात 2035 हा आकडा नाहीच. ‘तारखेबद्दल’ एवढंच आहे. कलम आणि परिच्छेदाचा पत्ता तळटिपेत दिला आहे. ज्या वाचकाकडे खंड आहे त्यानं तो उघडायचा, कलम शोधायचं, दुसरा परिच्छेद मोजायचा, मग काय चुकलं ते आपलं आपण ठरवायचं. ‘वाचावे’च्या आधी काय? काहीच नाही. वाक्य गाळायचं, बदलायचं की तसंच ठेवून थोड्या संशयानं वाचायचं, याबद्दल निवेदन गप्प आहे.

संपादक म्हणून मला या निवेदनातल्या तीन जागा खटकतात, आणि त्या तिन्ही मी इतर संस्थांच्या कागदांवरही पाहिल्या आहेत. स्वतःच्या मसुद्यातही, खोटं कशाला सांगू.

पहिली जागा 938 हा आकडा. तो खोटा नाही. पण तो तिथे वाचकाच्या कामाचा म्हणून आलेला नाही. एवढ्या पानांत एक परिच्छेद, म्हणजे चूक किती लहान, हे न बोलता सांगायला तो आला आहे. पण त्या एका परिच्छेदावर मथळे निघाले होते, आणि ते वाचणाऱ्यानं 938 पानं वाचलेलीच नव्हती. चुकीचा आकार पानांत मोजायचा नसतो. ती किती लोकांपर्यंत पोचली आणि त्यांनी तिच्यावर काय ठरवलं, त्यावर तो मोजायचा.

दुसरी जागा ‘पुरेसा आधार नसलेले’ हा शब्दप्रयोग. आधार नसणं आणि चुकीचं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार नसलेलं विधान उद्या खरंही निघू शकतं. इथे परिच्छेदाचे दोन भाग एकमेकांना खोडत होते, क्षेत्राचा आकडा हिमालयाचा नव्हता आणि मूळ स्रोतात वर्ष 2350 होतं. याला मराठीत चूक म्हणतात. ‘आधार कमी पडला’ म्हटलं की वाचकाच्या मनात ‘म्हणजे 2035 नाही तर 2040 असेल’ असा समज उरतो, आणि तो काढून टाकणं हेच तर सूचनेचं काम होतं.

तिसरी जागा खेदाची. खेद कशाचा? कार्यपद्धती नीट वापरली नाही याचा. म्हणजे संस्थेनं संस्थेच्याच नियमाची माफी मागितली. ज्यांनी ते वर्ष आपल्या भाषणात, अभ्यासक्रमात, पाणीयोजनेच्या टिपणात घातलं, त्यांच्याशी हे वाक्य बोलतच नाही. शिवाय कर्मणी प्रयोग: ‘निकष लावले गेले नाहीत’. कर्मणी प्रयोगाला माझा सरसकट विरोध नाही. कोणी केलं हे खरंच महत्त्वाचं नसेल तिथे तो शोभतो. पण ‘कोणी’ हाच प्रश्न असेल तिथे तो आड लपायला झुडूप देतो.

निवेदन असं का झालं हेही सांगायला हवं, नाहीतर ही टीका उंटावरून शेळ्या हाकण्यासारखी होईल. नोव्हेंबर 2009 मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयानं भूवैज्ञानिक विजयकुमार रैना यांचा एक चर्चानिबंध काढला होता. हिमालयातल्या हिमनद्या तापमानवाढीमुळे असाधारण वेगानं हटत असल्याचा पुरावा दिसत नाही, असा त्याचा सूर होता. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याला ‘वूडू सायन्स’ म्हणून झिडकारलं. म्हणजे चूक मान्य करायची वेळ आली तेव्हा संस्था आधीच एका भांडणात उभी होती. समोरचे लोक या एका वाक्यावरून सगळा अहवालच मोडीत काढायला टपले होते. अशा वेळी पहिल्या परिच्छेदात ‘मुख्य निष्कर्ष शाबूत आहे’ लिहायची ऊर्मी समजण्यासारखी आहे. तो निष्कर्ष शाबूत होताही. प्रश्न फक्त क्रमाचा होता. चूक आधी पूर्ण सांगितली असती तर नंतरच्या ‘शाबूत आहे’ला वजन आलं असतं. आधी सांगितल्यामुळे ते सारवासारव वाटलं.

आता त्याच वाक्याच्या दुसऱ्या मालकाकडे वळू. डब्ल्यूडब्ल्यूएफनं आपल्या 2005 च्या अहवालाच्या पुढेच ‘महत्त्वाची दुरुस्ती’ म्हणून एक सूचना जोडली. तिची रचना अशी: या अहवालाच्या 29 व्या पानावर आम्ही पुढील विधान केलं होतं. मग ते विधान जसंच्या तसं, 2035 सकट, अवतरणात. मग: हे विधान आम्ही सद्भावनेनं वापरलं, पण ते चुकीचं होतं हे आता स्पष्ट आहे, त्याकडे दुर्लक्ष करावं. त्यानंतर, आणि इथे मी मनातल्या मनात टोपी काढली, याच विधानाचा आशय 3 ऱ्या पानावर, सारांशातही आला आहे, तेही दुर्लक्षित करावं. शेवटी गोंधळाबद्दल खेद.

सूचना सुंदर नाही. ‘सद्भावनेनं’ हा शब्द मी काढला असता, कारण अहवाल कुणी दुर्भावनेनं लिहितं असं कुणी म्हणत नव्हतं. पण ती काम करते. चुकीचं वाक्य समोर आहे, त्याला सरळ ‘चुकीचं’ म्हटलं आहे, काय करायचं ते सांगितलं आहे, आणि 3 रं पान आहे. या 3 ऱ्या पानाची किंमत ज्यांनी शुद्धिपत्रं काढली आहेत त्यांना कळेल. अहवालात चूक सहसा एकटी राहत नाही. मुख्य मजकुरातून ती सारांशात चढते, तिथून आलेखाच्या मथळ्यात, प्रसिद्धिपत्रकात, सादरीकरणात जाते. सारांश शंभर लोक वाचतात तेव्हा आतलं 29 वं पान दोन जण वाचतात. फक्त मूळ जागा सुधारली की सारांशातली प्रत जिवंत राहते, आणि पुढे तिचाच दाखला दिला जातो. म्हणून सूचना लिहायला बसण्याआधीचं काम शोधाचं असतं. चुकीचा आकडा आकड्यात शोधायचा, अक्षरांत शोधायचा, त्यातून काढलेली टक्केवारी शोधायची, आणि ‘पंचवीस-तीस वर्षांत’ अशा मोघम शब्दांत तो लपला असेल तर तेही वाचून काढायचं. शेवटचं काम यंत्राचा शोध करून देत नाही. अहवाल पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचावा लागतो.

तिसरी सूचना वेगळ्या चुकीची आहे, पण त्याच खंडाची. युरोपवरच्या बाराव्या प्रकरणात नेदरलँड्सबद्दल लिहिलं होतं की हा देश समुद्राची पातळी वाढणं आणि नद्यांचे पूर या दोन्हींना फार प्रवण आहे, कारण त्याचा 55 टक्के भूभाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे 60 टक्के लोक राहतात आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा 65 टक्के भाग तिथे निर्माण होतो. फेब्रुवारी 2010 मध्ये 55 हा आकडा चुकीचा असल्याचं पुढे आलं. तेव्हा नेदरलँड्सची पर्यावरण मूल्यांकन संस्था, पीबीएल, हिनं सरळ सांगितलं की तो मजकूर आम्हीच पुरवला होता आणि तो चुकीच्या शब्दांत होता. वाक्य असं हवं होतं: देशाच्या 55 टक्के भूभागाला पुराचा धोका आहे, 26 टक्के भूभाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, आणि आणखी 29 टक्के भागाला नद्यांच्या पुराचा धोका आहे.

यात 55 हा आकडा चुकलेलाच नाही, ही या दुरुस्तीची गंमत. चुकलं ते त्याला चिकटवलेलं विशेषण. 26 आणि 29 मिळून 55 होतात, आणि बेरीज नीट असूनही ती चुकीच्या नावाखाली छापली गेली होती. अशी चूक तपासणीत सहज सुटते, कारण तपासणारा आकडा स्रोताशी ताडून बघतो, दोन्हीकडे 55 दिसतो आणि तो बरोबरची खूण करतो. पीबीएलच्या दुरुस्तीत बेरीज उलगडून दाखवली आहे, त्यामुळे चूक कशी झाली हे वेगळं सांगावंच लागत नाही. वाचक 26 अधिक 29 करतो आणि त्याला आपोआप कळतं.

‘आम्हीच पुरवला होता’ या तीन शब्दांनीही बरंच काम केलं. त्यांच्याशिवाय संशय मंडळाच्या लेखकांवर राहिला असता, आणि ते बिचारे स्रोत शोधत बसले असते. दोष कुठे आहे हे सांगणं म्हणजे कुणाला तरी सुळावर चढवणं नव्हे. चूक लिहिताना झाली, मोजताना झाली की स्रोतातच होती, हे कळलं तर त्याच स्रोतातून घेतलेली बाकीची वाक्यंही तपासायची की नाही हे वाचकाला ठरवता येतं.

एक काम या दुरुस्तीनंतरही उरतं. वाक्याची शेपटी म्हणत होती की ‘तिथे’ 60 टक्के लोक राहतात. हे ‘तिथे’ म्हणजे कुठे? आधी ते समुद्रसपाटीखालचा भाग दाखवत होतं, आता पुराच्या धोक्यातला भाग दाखवतं. मूळ 60 आणि 65 हे आकडे नेमके कोणत्या भागाचे होते, हे पुन्हा स्रोतात जाऊन बघितल्याशिवाय शेपटी नव्या धडाला जोडता येत नाही. वाक्याचा कर्ता बदलला की त्यावर टांगलेला प्रत्येक आकडा पुन्हा तपासायचा, हा माझ्या टेबलावरचा नियम आहे आणि तो एका लाजिरवाण्या दुपारी झाला. एका अहवालाचं शुद्धिपत्र मी काढलं होतं. ‘पाहणी केलेली कुटुंबे’ ऐवजी ‘प्रतिसाद दिलेली कुटुंबे’ असं सुधारलं आणि त्याच ओळीतली टक्केवारी तशीच ठेवली. ती टक्केवारी पाहणी केलेल्या कुटुंबांवरून काढलेली होती. आठवड्याभरात शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र काढावं लागलं. ते लिहितानाच्या माझ्या चेहऱ्याचं वर्णन इथे नको.

मंडळानंही नेदरलँड्सच्या बाबतीत फेब्रुवारीत टिपण काढलं, आणि त्यात प्राथमिक तपासणीनुसार वाक्याचा शेवट कसा हवा तो दिला: ‘कारण नेदरलँड्सच्या 55 टक्के भूभागाला पुराचा धोका आहे’. हा आकडा केवळ पार्श्वभूमीसाठी होता आणि एकूण निष्कर्ष बदलत नाहीत, हेही म्हटलं. बचावाचं वाक्य इथेही आहे, पण पर्यायी मजकूर दिल्यामुळे ते टोचत नाही. जानेवारी आणि फेब्रुवारी यांत एवढाच फरक पडला होता.

आता राहिलेली अडचण. 2035 ऐवजी काय वाचायचं?

सहज सुचणारं उत्तर 2350. मूळ स्रोतात तेच आहे, आणि अंकांची अदलाबदल झाली असं सांगणंही सोपं. पण ते घातलं तर दुसरी चूक होईल. 2350 हे भाकीत हिमालयाबद्दल नव्हतंच, आणि ते 1996 चं होतं. एक न तपासलेलं वर्ष काढून तिथे दुसरं न तपासलेलं वर्ष घालणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. इथे प्रामाणिक दुरुस्ती म्हणजे वाक्य गाळणं आणि त्या जागी वर्ष न देण्याचं कारण लिहिणं. लेखकांना हे जड जातं. रिकामी जागा म्हणजे पराभव वाटतो, म्हणून मग ‘पुरेसा आधार नसलेले अंदाज’ असे मधले शब्द सुचतात. जुन्या शुद्धिपत्रांत मात्र यासाठीही ठरलेली ओळ होती: ‘हे वाक्य गाळावे’. तिच्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

20 जानेवारीला हे माझ्या टेबलावर आलं असतं तर मी दिलेला मसुदा साधारण असा असता. हा मसुदा माझा आहे, मंडळाचा नाही.

शुद्धिपत्र. चौथा मूल्यांकन अहवाल, दुसऱ्या कार्यगटाचा खंड, प्रकरण 10, कलम 10.6.2.

दुसरा परिच्छेद. आम्ही छापलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या जगात सर्वांत वेगानं मागे हटत आहेत, 2035 पर्यंत त्या नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि त्यांचं क्षेत्र 5 लाखांवरून 1 लाख चौरस किलोमीटरवर येईल. ही विधानं चुकीची आहेत. ती गाळावीत. 2035 हे वर्ष एका बातमीतून दुसऱ्या संस्थेच्या अहवालात आणि तिथून आमच्या मजकुरात आलं. त्यामागचं संशोधन आम्ही तपासलं नाही. क्षेत्राचे आकडे हिमालयाचे नसून ध्रुवीय प्रदेशाबाहेरच्या साऱ्या हिमनद्यांचे आहेत आणि मूळ स्रोतात ते 2350 सालासाठी दिले आहेत. गाळलेल्या वाक्याच्या जागी आम्ही दुसरं वर्ष देत नाही, कारण देता येईल असं तपासलेलं वर्ष आमच्याकडे नाही.

त्याच कलमातला तक्ता, पिंडारी हिमनदी. सरासरी वार्षिक माघार ‘135.2 मीटर’ ऐवजी ‘23.5 मीटर’ असे वाचावे. 121 वर्षांऐवजी 21 वर्षांनी भागाकार झाला होता.

एकत्रित सारांशाच्या 49 व्या पानावरचा डोंगराळ भागातल्या पाण्याबद्दलचा निष्कर्ष या विधानांवर अवलंबून नाही, म्हणून तो बदललेला नाही. ज्यांनी 2035 हे वर्ष आमच्या अहवालावरून वापरलं, त्यांची आम्ही माफी मागतो. त्यांनी ते आपल्या मजकुरातून काढावं.

मसुदा मंडळाच्या निवेदनाहून मोठा नाही. ‘निष्कर्ष बदललेला नाही’ हे वाक्य यातही आहे, फक्त शेवटाकडे आहे आणि त्याच्याआधी ‘का’ दिलं आहे. माफी आहे, ती वापरणाऱ्यांची आहे, आणि तिच्या पाठोपाठ त्यांनी काय करायचं तेही आहे. एका जागेबद्दल मी स्वतःशी अजून भांडतो: ‘आम्ही तपासलं नाही’. कायदा बघणारा माणूस तिथे लाल रेघ मारेल आणि ‘तपासणी अपुरी राहिली’ सुचवेल. मी नाही म्हणेन. तो आग्रह धरेल. अशा वेळी मी सहसा हे वाक्य सोडतो आणि ‘गाळावीत’ धरून ठेवतो, कारण वाचकाला आधी त्याची गरज आहे.

मंडळानं पुढे या कामाला शिस्त लावली. राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या परिषदेकडून, इंटरअकॅडमी कौन्सिलकडून, 2010 मध्येच कार्यपद्धतीची तपासणी करून घेतली, आणि 2011 मध्ये अबू धाबीच्या बैठकीत प्रसिद्ध अहवालांतल्या संभाव्य चुका हाताळण्याची रीतसर पद्धत मंजूर झाली. कुणीही चूक दाखवली तर ती सचिवालयाकडे येते, तिथून संबंधित कार्यगटाकडे आणि प्रकरणाच्या लेखकांकडे जाते, आणि चूक ठरली तर शुद्धिपत्र निघतं. त्या पद्धतीतली एक मर्यादा मला नेमकी वाटते. अहवाल लिहिताना हाताशी असलेल्या माहितीवरून जी चूक टाळता आली असती, तीच चूक. अर्थ लावण्यातला मतभेद किंवा प्रकाशनानंतर आलेलं नवं संशोधन चुकीत मोजायचं नाही. नव्या संशोधनासाठी पुढचा अहवाल असतो.

या रेघेवर 2035 आणि पिंडारी दोन्ही ‘चूक’ या बाजूला पडतात. पिंडारीचा भागाकार तर 1845 आणि 1966 ही दोन वर्षं शेजारी छापलेली असताना चुकला होता.